मॉनिटर काढला, पण सोबत चार्जिंगही गेलं: एका रद्द झालेल्या ऑनलाइन परीक्षेचं प्रकरण

सत्र रद्द झाल्याच्या ई-मेलमध्ये कारण एका ओळीत दिलं होतं: परीक्षा चालू असताना परीक्षार्थी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेली. अपिलात परीक्षार्थीनेही एकच ओळ लिहिली होती: इंटरनेट बिघडलं, माझा दोष नाही. दोन्ही ओळींत थोडं तथ्य होतं आणि दोन्हींवरून काय झालं ते कळत नव्हतं. लॉग उघडून मिनिटामिनिटाचा हिशेब मांडल्यावर दिसलं, की सत्र रद्द झालं १०:३१ ला, पण परीक्षा हातची गेली होती ९:५२ ला. तेव्हा पहिला प्रश्नही पडद्यावर आला नव्हता.

प्रकरण नमुन्याचं आहे. रद्द झालेल्या सत्रांची अपिलं तपासताना ज्या गोष्टी एकमेकींच्या मागोमाग येताना दिसतात, त्या इथे एका परीक्षेत एकत्र मांडल्या आहेत. वेळा आणि आकडे त्याच हिशेबाने धरले आहेत.

परीक्षा होती व्यावसायिक प्रमाणपत्राची. दीड तास, घरून, आणि कॅमेऱ्यातून थेट लक्ष ठेवणारा प्रॉक्टर, म्हणजे पर्यवेक्षक. वेळ सकाळी दहाची आणि चेक-इन साडेनऊपासून खुलं. परीक्षार्थीकडे विंडोजचा लॅपटॉप होता आणि तो रोज टेबलाला जोडलेल्या डॉकवर चालायचा. डॉकमधून एकच यूएसबी-सी केबल लॅपटॉपला जायची आणि तिच्यातून तीन गोष्टी यायच्या: बाहेरचा मॉनिटर, तारेचं इंटरनेट आणि चार्जिंग. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

आदल्या संध्याकाळी तिने सिस्टिम टेस्ट केली. कॅमेरा, मायक्रोफोन, इंटरनेटचा वेग, सगळं हिरवं. टेस्ट करताना लॅपटॉप डॉकवर होता, म्हणजे इंटरनेट तारेचं होतं आणि वीज भिंतीतली. बऱ्याच सेवांची ही आगाऊ टेस्ट कॅमेरा, माइक आणि जोडणी एवढंच पाहते. दुसरा पडदा जोडलेला आहे का, कोणते प्रोग्राम मागे चालू आहेत, ही कडक तपासणी परीक्षेचा सिक्युअर ब्राउझर, म्हणजे परीक्षा ज्यात चालते आणि जो बाकीचे प्रोग्राम अडवतो तो प्रोग्राम, प्रत्यक्ष सुरू होतो तेव्हाच होते. त्यामुळे ‘टेस्ट पास’ याचा अर्थ फक्त एवढाच, की त्या क्षणी, त्या जागी, त्या जोडण्यांवर यंत्र ठीक होतं.

परीक्षेच्या दिवशी ९:४१ ला तिने चेक-इन सुरू केलं. आधी स्वतःचा फोटो, मग ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, मग खोलीचे फोटो: टेबल समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून. काही सेवा फोटोंऐवजी लॅपटॉप किंवा वेबकॅम हातात धरून खोली गोल फिरवून दाखवायला सांगतात. पाहणारा मात्र दोन्हीकडे तेच शोधत असतो. टेबलावर कागद, घड्याळ, फोन आहे का. हात पोहोचेल एवढ्या अंतरात पुस्तक आहे का. भिंतीवर काही लिहिलंय का. दार बंद आहे का. टेबलाखाली काय आहे. कधी कान आणि चष्मा दाखवायला सांगतात, कधी बाह्या वर करायला. लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी लॅपटॉपच्याच कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून काही ठिकाणी पडद्यासमोर आरसा धरायला सांगतात. परीक्षार्थींना हे विचित्र वाटतं, पण त्यामागचं कारण इतकं साधं आहे.

खोली दाखवायच्या या प्रकारावर तक्रारी पुष्कळ येतात. अमेरिकेत ओहायोमधल्या एका विद्यार्थ्याने क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीवर यासाठी खटला भरला आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संघीय जिल्हा न्यायालयाने, विद्यापीठाने घरातली खोली अशी कॅमेऱ्यातून तपासणं हे सरकारकडून होणाऱ्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीविरुद्ध असल्याचा निकाल दिला. मात्र ते विद्यापीठ सरकारी होतं. खासगी प्रमाणपत्र परीक्षेत परीक्षार्थीने नोंदणी करताना नियमांना संमती दिलेली असते, त्यामुळे तो निकाल तसाच्या तसा इथे लावता येत नाही.

आपल्या परीक्षार्थीच्या फोटोंमध्ये प्रॉक्टरला टेबलावरचा दुसरा मॉनिटर दिसला. पडदा काळा होता. चॅटमध्ये संदेश आला, “मॅडम, दुसरा मॉनिटर काढावा लागेल.” तिने उत्तर दिलं, “बंद आहे तो.” आणि तो खरोखरच बंद होता, तिने बटण दाबून बंद केला होता. प्रॉक्टरने पुन्हा सांगितल्यावर तिने मॉनिटरची वायर भिंतीतल्या प्लगमधूनही काढली. तरी सिक्युअर ब्राउझर सुरू होताना अडला: दोन पडदे जोडलेले आहेत, एक काढा.

इथे पुष्कळ जण चिडतात आणि सॉफ्टवेअरच बिघडलंय असं धरून चालतात. सॉफ्टवेअर बरोबर असतं. मॉनिटर आपलं नाव, कंपनी, किती पिक्सेल दाखवू शकतो ही माहिती एका छोट्या मेमरी चिपमध्ये ठेवतो, तिला ईडीआयडी म्हणतात. एचडीएमआय केबलमधून चित्र पाठवणारं यंत्र मॉनिटरकडे ५ व्होल्टचा क्षीण पुरवठाही करत असतं, आणि ती चिप वाचायला तेवढा पुरतो. म्हणजे मॉनिटर भिंतीतून काढला तरी, केबल लागलेली आहे तोवर, लॅपटॉपला ‘समोर पडदा आहे’ हे कळू शकतं. सगळे मॉनिटर सारखे वागत नाहीत, काही बंद केल्यावर खरोखर नाहीसे होतात. आपल्यापुढचा कोणता, हे अंदाजाने ठरवू नये. विंडोजमध्ये पॉवरशेल ही आज्ञा टाइप करायची खिडकी उघडून पाहता येतं:

```
Get-PnpDevice -Class Monitor -PresentOnly
```

लॅपटॉपचा स्वतःचा पडदा धरून यादीत एकच ओळ यायला हवी. दोन आल्या तर मॉनिटर काळा असो वा पांढरा, ब्राउझर अडणार.

घड्याळात ९:५१ झाले होते. योग्य उपाय होता एकच: डॉकमधून फक्त एचडीएमआयची केबल काढणं. पण डॉक टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवलेला होता, ते पोर्ट भिंतीकडे होतं आणि समोर प्रॉक्टर थांबलेला. लॅपटॉपच्या कडेची यूएसबी-सी केबल मात्र बोटाशी होती. ९:५२ ला तिने ती ओढली. ब्राउझर लगेच पुढे गेला, प्रॉक्टरने “ठीक आहे” लिहिलं, आणि दोघांच्याही दृष्टीने अडचण सुटली. मॉनिटर गेला हे दोघांनी पाहिलं. त्याच्याबरोबर तारेचं इंटरनेट आणि चार्जिंग गेलं, हे दोघांनीही पाहिलं नाही.

इंटरनेटचं लक्षात न येणं समजण्यासारखं आहे. तार सुटली की विंडोज आठवणीतलं वाय-फाय आपोआप धरतं, दोन-चार सेकंदांत सगळं पूर्ववत वाटतं. चार्जिंगचं का कळलं नाही? कारण सिक्युअर ब्राउझर पूर्ण पडदा व्यापतो. खालची पट्टी, तिच्यातलं बॅटरीचं चिन्ह, सूचनांचे चौकोन, सगळं त्याच्याखाली झाकलं जातं. परीक्षार्थीला फसवण्यासाठी नव्हे, त्या पट्टीतून दुसरे प्रोग्राम उघडता येऊ नयेत म्हणून. पण परिणाम असा, की बॅटरी उतरत असताना ते सांगणारं पडद्यावर काहीच उरत नाही.

आता बॅटरीचा हिशेब. तिने अपिलासोबत विंडोजचा बॅटरी अहवाल जोडला होता, आणि खरं तर त्यानेच हे प्रकरण उलगडलं. तो असा काढतात:

```
powercfg /batteryreport
```

एक एचटीएमएल फाइल तयार होते. तिच्यात `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज पूर्ण चार्ज केल्यावर मावणारी क्षमता एकाखाली एक दिसतात. तिच्या अहवालात पहिली ५० वॉट-तास होती आणि दुसरी २८. वर्षानुवर्षं प्लगवर राहिलेल्या लॅपटॉपचं हे नेहमीचं चित्र. त्यात भर म्हणजे कायम प्लगवर असलेल्या लॅपटॉपची बॅटरी टिकावी म्हणून कंपन्या चार्जिंगला मर्यादा घालायची सोय देतात, आणि तिच्या लॅपटॉपवर ती ६० टक्क्यांना होती. रात्रभर डॉकवर राहूनही सकाळी बॅटरीत २८ चे ६० टक्के, म्हणजे १६.८ वॉट-तास एवढेच होते.

अहवालातल्या `Recent usage` या तक्त्यात यंत्र कधी विजेवर होतं आणि कधी बॅटरीवर, हे वेळेसकट येतं. ९:५२ ची ओळ तिथे स्पष्ट होती: `SOURCE` च्या रकान्यात `AC` जाऊन `Battery` आलं होतं. परीक्षेत कॅमेरा सतत चालू असतो, पडद्याचं चित्रण होत असतं, दोन्हींचे व्हिडिओ तयार होऊन वर जात असतात, त्यामुळे एरवी टायपिंग करताना लागते त्याच्या कितीतरी जास्त वीज लागते. या यंत्रावर ती सरासरी १८ वॉट निघाली. विंडोजचा बॅटरी बचतीचा मोड तिच्याकडे २० टक्क्यांना लागत होता, म्हणजे ५.६ वॉट-तास उरल्यावर. मधले ११.२ वॉट-तास १८ वॉटने संपायला सदतीस मिनिटं लागतात. ९:५२ मध्ये ३७ मिळवले की १०:२९. त्यानंतर उरलेल्यावर फार तर वीस-एक मिनिटं.

परीक्षा सुरू झाली १०:०४ ला आणि संपणार होती ११:३४ ला. म्हणजे पहिला प्रश्न उघडला तेव्हाच लॅपटॉप ती पूर्ण होईपर्यंत चालणार नाही हे ठरलेलं होतं. हे कोणालाच माहीत नव्हतं, एवढंच.

१०:२९ ला पडदा अचानक मंद झाला. बचतीच्या मोडने उजेड कमी केला होता. तिला एका क्षणात सगळं कळलं. तिचं स्वतंत्र चार्जर खोलीतच होतं, पण मागच्या कपाटातल्या बॅगेत. तिने चॅटमध्ये लिहिलं, “चार्जर घ्यायला उठू का? बॅटरी संपतेय.” ही वेळ लॉगमध्ये १०:३०:१० आहे. नेमकं तेव्हाच वाय-फाय डळमळलं. वेगाच्या टेस्टमध्ये हे कधी दिसत नाही, कारण ती टेस्ट काही सेकंदांची सरासरी दाखवते. चॅट आणि व्हिडिओ यांना मात्र सरासरीशी देणंघेणं नसतं, मधे पंधरा सेकंदांचा खंड पडला की तेवढ्यात पाठवलेलं सगळं अडकून राहतं. प्रॉक्टरने १०:३०:१९ ला उत्तर दिलं होतं: “उठू नका मॅडम, कॅमेऱ्यासमोरच राहा, मी विचारून सांगतो.” ते तिच्या पडद्यावर पोहोचलं १०:३०:४१ ला. ती उठली होती १०:३०:२२ ला.

या सेवेत चित्रण आधी लॅपटॉपवर साठतं आणि मग तुकड्या-तुकड्यांनी वर जातं, म्हणून नेट तुटलेलं असतानाचा भागही नंतर पाहायला मिळाला. त्यात रिकामी खुर्ची एकोणीस सेकंद दिसते. मागे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज येतो. ती चार्जर हातात घेऊन परत येते, बसते, पडद्यावरचं उत्तर वाचते आणि कपाळावर हात मारते. १०:३१:०५ ला सत्र बंद झालं.

प्रॉक्टरने एकोणीस सेकंदांसाठी सत्र बंद करायला हवं होतं का? नियमात सेकंद मोजलेले नसतात. विनापरवानगी चौकटीबाहेर जाणं हेच उल्लंघन, मग ते पाच सेकंद असो वा पाच मिनिटं. आणि यामागे अडेलतट्टूपणा नाही. चौकटीबाहेर काय घडलं याचा कसलाच पुरावा प्रॉक्टरकडे नसतो. कपाटातून चार्जर काढलं की आत ठेवलेला कागद पाहिला, हे त्याला सांगता येत नाही. सुरुवातीला तपासलेल्या खोलीत परीक्षार्थी कॅमेऱ्याआड हिंडून आली, की ती आधीची तपासणीही निरर्थक होते. माझ्या मते त्या टोकाला प्रॉक्टरने केलं ते बरोबरच होतं. चूक शोधायची तर चाळीस मिनिटं मागे जावं लागतं.

चेक-इनच्या वेळी मॉनिटर काढा असं सांगणं योग्य. पण त्यानंतर परीक्षार्थीने नेमकं काय काढलं हे विचारलं गेलं नाही, आणि यंत्राची जोडणी मुळातून बदललेली असताना सिस्टिम टेस्ट पुन्हा घेतली गेली नाही. चेक-इनमध्ये यंत्राची मांडणी बदलली की त्याआधीची टेस्ट बाद झाली, असं धरायला हवं. सेवेच्या स्वतःच्या नियमपुस्तिकेतही जागा किंवा नेटवर्क बदलल्यास टेस्ट पुन्हा करा असं होतं, फक्त ते परीक्षार्थीसाठी लिहिलं होतं, प्रॉक्टरच्या यादीत नव्हतं.

मग मधल्या वाटा काय होत्या? १०:२९ ला तिच्या हातात एकच चांगली गोष्ट उरली होती: चॅटमध्ये लिहून जागेवर बसून राहणं, उत्तर येईपर्यंत. बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला असता तरी ते यंत्राचं बंद पडणं ठरलं असतं, नियमभंग नाही. अपिलाच्या टेबलावर या दोन गोष्टींत फार मोठं अंतर असतं. तांत्रिक कारणाने तुटलेलं सत्र बहुतेक सेवांमध्ये पुन्हा जोडता येतं किंवा नवी तारीख मिळते. नियमभंगाने रद्द झालेल्याचं शुल्क सहसा बुडतं, निकाल लागत नाही, आणि काही प्रमाणपत्रांत पुढे काही काळ परीक्षेला बसायलाही बंदी येते. परीक्षार्थी वेळ वाचवायला उठतात आणि पहिल्या खान्यातून दुसऱ्या खान्यात जाऊन पडतात.

त्याहून बरी वाट म्हणजे डॉक मुळातच न वापरणं. परीक्षेच्या दिवशी लॅपटॉप सुटा, त्याचं स्वतःचं चार्जर भिंतीत, आणि इंटरनेटची तार थेट लॅपटॉपला, लागलं तर साध्या यूएसबी अडॅप्टरने. टेस्टही याच मांडणीत, त्याच खोलीत, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी करायची. वाय-फायच वापरावं लागणार असेल तर वेगाचा आकडा बघून समाधान मानू नये. `ipconfig` मध्ये `Default Gateway` म्हणून दिसणारा आपल्या राउटरचा पत्ता घेऊन काही मिनिटं पिंग चालवावं, म्हणजे त्याच्याकडे डेटाची छोटी पाकिटं पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहावं:

```
ping -n 300 192.168.1.1
```

पत्ता अर्थात आपला घालायचा. शेवटी येणाऱ्या आकड्यांत एकही पाकीट हरवलेलं नसावं, आणि जास्तीत जास्त लागलेला वेळ सरासरीच्या कित्येक पट नसावा. राउटरपर्यंतच पाकिटं हरवत असतील तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे, इंटरनेट कंपनीशी भांडून काही होणार नाही. तिच्या अपिलातला ‘इंटरनेट बिघडलं’ हा मुद्दा इथेच लंगडा पडला. बाहेरची जोडणी पूर्ण वेळ शाबूत होती, खंड राउटर आणि लॅपटॉप यांच्या मधल्या हवेत पडला होता.

सत्रं रद्द होण्याची बाकीची कारणं या प्रकरणात आली नाहीत, पण त्यांचीही गत अशीच असते: उल्लंघन शेवटी दिसतं आणि मूळ कारण आधीच घडून गेलेलं असतं. दार लोटलेलं असतं, कडी लावलेली नसते, आणि घरातलं कोणी आत डोकावतं. कठीण प्रश्न ओठ हलवत वाचायची सवय असते, एकदा सूचना मिळते, दुसऱ्यांदा सत्र बंद होतं. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही. कंपनीच्या लॅपटॉपची तऱ्हा तर वेगळीच. त्यावरचं व्हीपीएन किंवा सुरक्षा सॉफ्टवेअर व्हिडिओची वाहतूक मधेच तपासायला जातं आणि जोडणी तुटते, आणि ते बंद करायचा अधिकार वापरणाऱ्याकडे नसतो. म्हणून शक्य असेल तर घरचं यंत्र. दूरस्थ मदतीचे किंवा मीटिंगचे प्रोग्राम मागे चालू राहिले तर ब्राउझर सुरूच होत नाही. हा त्रास त्यातल्या त्यात बरा, कारण तो परीक्षेआधी कळतो.

अपिलाचा निकाल असा लागला. चौकटीबाहेर जाण्याची नोंद कायम राहिली, त्यामुळे त्या सत्राचा निकाल जाहीर झाला नाही. मात्र चॅटमध्ये तिने आधी विचारलं होतं, उत्तर वेळेत पोहोचलं नव्हतं, आणि बॅटरी अहवाल चित्रणाशी मिनिटामिनिटाला जुळत होता, म्हणून गैरप्रकाराचा शेरा काढून टाकला गेला. चेक-इनमध्ये टेस्ट पुन्हा न घेणं ही सेवेची उणीव धरली गेली आणि परीक्षेची नवी तारीख विनाशुल्क दिली गेली. प्रॉक्टरच्या यादीत दोन प्रश्न वाढले. मॉनिटर काढायला सांगितल्यावर आता विचारायचं: नेमकी कोणती केबल काढली? आणि चार्जर आत्ता लॅपटॉपलाच लागलंय का, कॅमेऱ्यात दाखवा.